हमी न देता लिहिलेलं कॅप्शन

परदेशी शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना सल्ला देण्याचं काम मी करते. आमच्या पेजवर सगळ्यात वर पिन करून ठेवायला एक पोस्ट हवी होती. नव्याने येणाऱ्याला आम्ही नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे तिथेच कळावं, एवढीच अपेक्षा होती. फोटो लगेच ठरला, पण कॅप्शनवर बराच काळ गेला. त्या कॅप्शनमधल्या एकेका वाक्याचं काय झालं, ते इथे सांगते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, आणि मुलांना काउन्सेलरकडे पाठवू पाहणाऱ्या पालकांना त्याहून जास्त.

सोशल मीडिया सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने पहिला मसुदा आणला तो असा:

"परदेशात शिकायचंय? टेन्शन विसरा! 500+ विद्यापीठांशी टाय-अप. 100% प्रवेश. 98% व्हिसा सक्सेस रेट. एसओपीपासून व्हिसापर्यंत सगळं आम्ही करून देतो, तेही अगदी मोफत! आजच संपर्क करा."

"मॅडम, सगळ्यांच्या पोस्ट अशाच असतात," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "एकेक वाक्य घे, आणि त्याच्यापुढे लिही की हा निर्णय कोणाच्या हातात आहे." पुढची सगळी दुरुस्ती या एका प्रश्नातून झाली.

"100% प्रवेश" यापुढे त्याने लगेच "विद्यापीठ" असं लिहिलं. प्रवेश द्यायचा की नाही हे विद्यापीठाचा प्रवेश विभाग ठरवतो, आणि काही अभ्यासक्रमांत थेट त्या विभागातले प्राध्यापक ठरवतात. आम्ही अर्ज वेळेत आणि पूर्ण पोचेल एवढं पाहू शकतो. ऑफर लेटर हातात आलं तरी त्यावर बहुतेक वेळा अटी असतात: शेवटच्या वर्षाचे गुण अमुक इतके हवेत, इंग्रजीच्या परीक्षेत तमुक बँड हवा, मूळ गुणपत्रिका ठराविक तारखेपर्यंत पोचली पाहिजे. अट पुरी झाली नाही तर ती ऑफर संपते. म्हणून आमच्या टेबलावर कुणी "ऑफर आली" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कंडिशनल की अनकंडिशनल?

पण या वाक्यातली खरी अडचण वेगळी होती, आणि ती मी त्याला सावकाश समजावून सांगितली. "100% प्रवेश" हे तांत्रिकदृष्ट्या खरंही करून दाखवता येतं. जवळजवळ प्रत्येक अर्ज स्वीकारणाऱ्या संस्था जगात आहेत. मुलाचा अर्ज फक्त तिथे टाकला की प्रवेश मिळणारच. मग ज्या मुलीला डेटा सायन्सच्या चांगल्या अभ्यासक्रमासाठी धडपडायचं होतं आणि ज्याचा निकाल अनिश्चित होता, तिला "इथे तर नक्की होतंय" म्हणून भलत्याच अभ्यासक्रमाकडे वळवलं जातं. हमीचं वाक्य खरं ठरतं आणि मुलीची दोन वर्षं जातात. हमी देणाऱ्याला हमी पुरी करायची असते. म्हणून तो मुलाला सोप्या दाराकडे ढकलतो. पालकांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या हातात ऑफर लेटर असतं.

ते वाक्य गेलं. त्या जागी आलं: "तुमचे गुण, बजेट आणि पुढे काय करायचंय हे पाहून विद्यापीठांची यादी बनवतो. त्यात अवघड जागाही असतात. तिथे नकार येऊ शकतो."

"नकार येऊ शकतो, असं आपणच लिहायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तो येणारच आहे. माझ्या यादीतल्या एकाही ठिकाणी नकार आला नाही तर मी यादी फार सोपी केली, असा त्याचा अर्थ होतो.

"टाय-अप" हा शब्द मला आधीपासून खटकत होता. तो वाचून पालकांना वाटतं की आमचा फोन गेला की तिथे जागा राखून ठेवली जाते. प्रत्यक्षात तो एक करार असतो. आमच्यामार्फत आलेला विद्यार्थी तिथे दाखल झाला, फी भरली, वर्ग सुरू झाले, की विद्यापीठ आम्हाला कमिशन देतं. अर्ज कुठे अडकलाय हे आम्हाला लवकर कळतं, प्रवेश विभागात ओळखीचा ई-मेल असतो, एवढा फायदा असतो. प्रवेशाच्या निकषांवर या कराराचा काही परिणाम होत नाही.

इथूनच "अगदी मोफत" हे शब्दही कोसळले. जिथे विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही, तिथेही कुणीतरी आम्हाला पैसे देतंय, आणि तो कोण हे विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. ज्या विद्यापीठाशी करार नाही, तिथे मुलगा गेला तर विद्यापीठाकडून आम्हाला काही मिळत नाही. म्हणजे करार असलेल्या जागा पुढे करण्यात आमचा स्वार्थ आहे. हे लपवून "मोफत" म्हणणं मला पटत नाही. आम्ही लिहिलं: "काही विद्यापीठं आम्हाला कमिशन देतात. तुमच्या यादीतली कोणती देतात आणि कोणती देत नाहीत, हे यादीवरच लिहून देतो. कमिशन न देणाऱ्या विद्यापीठांच्या अर्जासाठी आम्ही तुमच्याकडून फी घेतो, ती आधी सांगतो." हे वाक्य कॅप्शनमध्ये ठेवताना धाडस लागलं, पण त्यावर जितकी प्रामाणिक चर्चा झाली तितकी दुसऱ्या कुठल्याच वाक्यावर झाली नाही.

मग आलं "98% व्हिसा सक्सेस रेट". मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, एक कल्पित वर्ष घेऊ. समज 100 मुलं चौकशीला आली. 40 जणांना कुणी ना कुणी सांगितलं की तुमची फाईल कच्ची आहे, पुढच्या वर्षी बघा. 10 जणांनी स्वतःच विचार सोडला. उरलेल्या 50 जणांनी अर्ज केले आणि 49 जणांना व्हिसा मिळाला. झाले 98 टक्के. आता ज्याला पहिल्याच भेटीत परत पाठवलं, त्याच्या दृष्टीने तो आकडा काय सांगतो? काहीच नाही. शिवाय ते 49 कुठल्या देशाचे होते, पहिल्यांदा नकार येऊन दुसऱ्यांदा अर्ज केलेल्याला एकदा मोजलं की दोनदा, अवलंबितांचे व्हिसा त्यात धरले का, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. आकडा खोटा नसला तरी वाचणाऱ्याला स्वतःबद्दल चुकीचा निष्कर्ष काढायला लावतो. माझ्या फाईलचं काय होईल, हा त्याचा प्रश्न असतो, आणि 98 हा आकडा त्या प्रश्नाचं उत्तर असल्यासारखा समोर येतो.

आणि व्हिसाचा निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस आम्हाला ओळखतही नाही. अमेरिकेचंच घ्या. विद्यापीठ आय-20 हा प्रवेशाचा फॉर्म देतं, त्यावर एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज होतो, मग दूतावासात मुलाखत होते. ती मुलाखत बहुधा काही मिनिटांत आटोपते. तिथल्या कायद्याच्या कलम 214(ब) नुसार अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरलेलं असतं. तसं नाही, हे त्यानेच अधिकाऱ्याला पटवून द्यायचं असतं. पटलं नाही तर त्या कलमाखाली नकार येतो. त्यावर अपील नसतं. नवा अर्ज करून पुन्हा फी भरता येते, एवढंच. आणि व्हिसा मिळाला तरी देशात प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. या साखळीत काउन्सेलरची खुर्ची कुठेच नाही. मग 100 काय आणि 98 काय, आकडा लिहिण्याचा अधिकार आम्हाला येतो कुठून? टक्केवारी पूर्ण काढून टाकली.

आता सगळ्यात मोठं वाक्य उरलं: "सगळं आम्ही करून देतो". इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण आमची खरी सेवा याच वाक्याखाली दडलेली होती आणि वाक्य ती सेवा झाकत होतं.

एसओपी, म्हणजे विद्यापीठाला द्यायचं उद्देशपत्र. ते आम्ही लिहून देत नाही. आम्ही मुलाला प्रश्न विचारतो: हाच विषय का, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः नेमकं काय केलंस, मधलं एक वर्ष रिकामं का दिसतंय. तो लिहितो, आम्ही वाचतो, कुठे पोकळ वाटतंय ते दाखवतो. यामागे साधं व्यवहारी कारण आहे. दुसऱ्याने लिहिलेलं पत्र मुलाखतीत उघडं पडतं. "तुमच्या पत्रात मशीन लर्निंगचा उल्लेख आहे, त्याबद्दल सांगा," असं विचारल्यावर मुलगा गप्प बसतो, तेव्हा ते वाक्य कुठून आलं हे अधिकाऱ्याला सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या डीएस-160 या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये तर सरळ विचारलेलं असतं की हा फॉर्म भरायला तुम्हाला कुणी मदत केली का. तिथे आमचं नाव खरं लिहायचं, असं आम्ही मुलांना सांगतो. आणि फॉर्म भरायला मदत घेतली तरी शेवटची इलेक्ट्रॉनिक सही अर्जदारानेच करायची असते.

पैशांचे पुरावे हा दुसरा भाग. आमच्या कामात काय येतं हे दाखवायला मी सहकाऱ्याला ब्रिटनच्या एका फाईलचं उदाहरण दिलं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ज्यांना पैशांचा पुरावा द्यावा लागतो, त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग 28 दिवस असावी लागते, आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी 31 दिवसांच्या आत यावा लागतो. ऐकायला सोपं वाटतं. आता समजा एका मुलाच्या खात्यात 3 जुलैला रक्कम आली आणि 31 जुलैपर्यंत ती तशीच राहिली. 31 जुलैचं स्टेटमेंट घेतलं तर त्याने 31 ऑगस्टपर्यंत अर्ज करायला हवा. पण 19 जुलैला घरातल्या कुणीतरी दुसऱ्या कामासाठी त्यातून पैसे काढले आणि 21 तारखेला परत भरले. महिन्याच्या शेवटी शिल्लक तीच दिसते, सगळे खूश असतात. प्रत्यक्षात मोजणी 21 जुलैपासून नव्याने सुरू झालेली असते. असं स्टेटमेंट घेऊन अर्ज केला तर तो नाकारला जातो, आणि कारण असतं मधले दोन दिवस.

दुसरी नेहमीची गोष्ट काकांच्या खात्याची. पैसे खरोखर काकांनी दिलेले असतात आणि त्यांच्याच खात्यात असतात. ब्रिटनच्या नियमात विद्यार्थ्याचं स्वतःचं खातं किंवा आईवडिलांचं (किंवा कायदेशीर पालकाचं) खातं चालतं. आईवडिलांचं असेल तर नातं दाखवणारा जन्मदाखला आणि पैसे वापरायला संमतीपत्र लागतं. काकांचं खातं चालत नाही, मग काका कितीही जवळचे असोत. अशा वेळी पैसे आधी योग्य खात्यात आणून 28 दिवस थांबायचं, की नियमात बसणाऱ्या वित्तसंस्थेकडून शैक्षणिक कर्ज घ्यायचं, हे अभ्यासक्रमाच्या सुरुवातीची तारीख पाहून ठरवावं लागतं. हे काम आम्ही करतो. स्टेटमेंटच्या एकेका ओळीवर पट्टी ठेवून पाहतो. कॅप्शनमध्ये यासाठी योग्य वाक्य होतं: "बँक स्टेटमेंट आणि कागदपत्रं त्या देशाच्या नियमाशी ताडून पाहतो, उणीव असेल तर अर्जाआधी सांगतो." "फाईल स्ट्राँग करतो" हे त्याने सुचवलेलं वाक्य मी घेतलं नाही. त्यात काहीतरी जोडून देतो असा वास येतो.

आणि काहीतरी जोडून देणं म्हणजे काय, हे तिथेच बोलायला हवं होतं. खोटं स्टेटमेंट, बनावट अनुभवपत्र, दाखवण्यापुरते आणलेले पैसे. एजंटने केलं तरी शिक्षा विद्यार्थ्याला होते. कॅनडाच्या कायद्यात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं, अमेरिकेत ती अडचण आयुष्यभराची होऊ शकते. कॅनडात गेलेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रंच बनावट असल्याचं 2023 मध्ये गाजलं आणि शिक्षण झाल्यावर त्यांच्यापुढे देश सोडण्याची वेळ येऊन ठेपली. त्यातल्या अनेकांना आपलं पत्र खोटं आहे हे माहीतच नव्हतं. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरपासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. म्हणून आमच्या कॅप्शनमध्ये एक वाक्य असं आलं: "प्रत्येक अर्जाचा लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडे राहील. ऑफर लेटर विद्यापीठाच्या पोर्टलवर तुम्ही स्वतः उघडून बघा." पालकांनी एखाद्या काउन्सेलरची परीक्षा करायची असेल तर हा एकच प्रश्न पुरे: अर्जात ई-मेल कोणाचा टाकणार? तो काउन्सेलरचा असेल तर विद्यापीठ काय म्हणालं हे तुम्हाला काउन्सेलरच्याच तोंडून कळणार.

व्हिसाच्या सल्ल्याबद्दल आणखी एक मर्यादा होती. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा आणि अर्जदाराचं प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार फक्त तिथले वकील आणि परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार यांना आहे. मी त्यांपैकी नाही. म्हणून कॅनडाच्या विद्यापीठांचे अर्ज आम्ही पाहतो, पण स्टडी परमिटच्या कामासाठी परवानाधारक सल्लागाराकडे पाठवतो. त्याची फी वेगळी असते, आणि त्याचं नाव नियामक संस्थेच्या यादीत कसं शोधायचं ते दाखवतो. "सगळं आम्ही करून देतो" या चार शब्दांत हा सगळा फरक गिळला गेला होता.

आता कॅप्शन कसं बसवायचं, हा प्रश्न उरला. सहकाऱ्याने सुचवलं की खरी माहिती वर ठेवू आणि हमी नसल्याची ओळ शेवटी, हॅशटॅगच्या आधी टाकू. बहुतेकजण तसंच करतात. पण इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात, पुढचं वाचायला दाबावं लागतं. आणि न दाबणारेच जास्त. आकर्षक भाग वर आणि हमी नसल्याची ओळ दुमडलेल्या भागात ठेवली, तर ती लिहिली काय आणि न लिहिली काय सारखंच. म्हणून ती पहिल्या ओळीत आणली.

फोटोही बदलला. आधी ठरलेल्या फोटोत पासपोर्ट हातात धरून हसणारी मुलं होती. शब्दांत हमी नसली तरी तो फोटो हमीच देत होता. शिवाय अशा फोटोंत पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचा तपशील वाचता येतो. इतरांच्या पेजवर ते मी पाहिलंय आणि त्या मुलांची काळजी वाटली आहे. आम्ही त्याऐवजी टेबलावर पसरलेल्या, खुणा केलेल्या नमुना स्टेटमेंटचा फोटो घेतला. त्यावर नाव नाही, खरा आकडा नाही.

शेवटी जे कॅप्शन गेलं ते असं:

"प्रवेश विद्यापीठ देतं, व्हिसा त्या देशाचं सरकार देतं. दोन्हीची हमी आम्ही देत नाही, कुणीच देऊ शकत नाही.

आम्ही काय करतो: तुमचे गुण, बजेट आणि पुढचा विचार ऐकून विद्यापीठांची यादी बनवतो. त्यात अवघड जागाही असतात, तिथे नकार येऊ शकतो. अर्जाच्या तारखा सांभाळतो. उद्देशपत्र तुम्ही लिहायचं, आम्ही प्रश्न विचारतो आणि मसुदा वाचतो. बँक स्टेटमेंट आणि कागदपत्रं त्या देशाच्या नियमाशी ताडून पाहतो, उणीव असेल तर अर्जाआधी सांगतो. मुलाखतीचा सराव घेतो, उत्तरं पाठ करून देत नाही.

आम्ही काय करत नाही: खोटे कागद, तात्पुरते दाखवायचे पैसे, लिहून दिलेली उद्देशपत्रं. कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी परवानाधारक सल्लागाराकडे पाठवतो, त्यांची फी वेगळी.

पैसे: काही विद्यापीठं आम्हाला कमिशन देतात. कोणती, ते तुमच्या यादीवर लिहिलेलं असेल. बाकीच्या अर्जांची आमची फी आधी लेखी सांगतो. अर्ज नाकारला गेला तर विद्यापीठाच्या अर्जाची आणि व्हिसाची फी सहसा परत मिळत नाही. आमच्या फीपैकी न झालेल्या कामाचा भाग परत करतो.

प्रत्येक अर्जाचा लॉगिन तुमच्याकडे राहील.

व्हिसाचे नियम बदलतात. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा स्वतः वाचा."

परताव्याची ओळ शेवटच्या क्षणी घातली. नकार आल्यावर भांडण होतं ते याच गोष्टीवरून, कारण कुठले पैसे विद्यापीठाचे, कुठले सरकारचे आणि कुठले आमचे हे पालकांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

पोस्ट गेल्यावर खाली पहिलाच प्रश्न आला: "माझे 6.1 सीजीपीए आहेत, दोन बॅकलॉग आहेत. व्हिसाचे किती टक्के चान्स?" सहकारी उत्तर टाइप करायला लागला, "चांगले चान्स आहेत, डीएम करा." मी थांबवलं. कॅप्शनमध्ये जे लिहिलं नाही ते कॉमेंटमध्ये कसं लिहायचं? कॅप्शनवर जो नियम लावला तोच खालच्या प्रत्येक उत्तरावर, मेसेजवर आणि फोनवर लागतो. हे पाळणं कॅप्शन लिहिण्याहून कठीण आहे, कारण तिथे समोर एक अस्वस्थ माणूस असतो आणि त्याला धीर द्यावासा वाटतो. आम्ही लिहिलं: "टक्के सांगता येणार नाहीत. बॅकलॉग असताना कोणती विद्यापीठं अर्ज घेतात, ते पाहून सांगू शकतो. व्हिसासाठी त्या बॅकलॉगबद्दल काय विचारलं जाईल, त्याची तयारी करून घेऊ. गुणपत्रिका घेऊन या."

एका वडिलांनी फोन करून विचारलं, "दुसरीकडे लेखी हमी देतायत. तुम्ही का देत नाही?" मी त्यांना म्हटलं, त्या कागदावर व्हिसा नाकारला गेल्यास काय होणार आहे ते वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. तिथे सेवाशुल्क परत देऊ असं होतं, आणि खाली बारीक अक्षरात अपवाद होते: अपुरी कागदपत्रं, मुलाखतीतलं अपयश, अर्जदाराने दिलेली चुकीची माहिती. नकाराची बहुतेक कारणं या तीनमध्ये बसतात. म्हणजे ती हमी नकार सोडून बाकी सगळ्याची होती. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुमची यादी पाठवा, त्यावर कमिशनचं लिहिलेलं असतं म्हणालात ती."

त्यानंतर एकदा नियम बदलल्यामुळे आमच्या पेजवर दुरुस्ती करावी लागली. ऑस्ट्रेलियाने मार्च 2024 मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची जेन्युइन टेम्पररी एन्ट्रंट ही जुनी अट काढून तिच्या जागी जेन्युइन स्टुडंट ही नवी अट आणली. अर्जातच नेमके प्रश्न आले आणि त्यांना थोडक्या शब्दांत उत्तरं द्यायची ठरलं. आधीच्या लांबलचक निवेदनाची तयारी करून घेतो असं आमच्या दुसऱ्या एका पोस्टमध्ये लिहिलेलं होतं, ती काढली. पिन केलेल्या पोस्टच्या तळाशी आता शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते, आणि ती तारीख तीन महिन्यांहून जुनी झाली की सहकारी स्वतःहून आठवण करून देतो.